‘मुळे’ लिहिण्याआधी

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधातला संशोधन-आढावा तपासताना माझं पेन सर्वांत जास्त वेळा दोन अक्षरांवर थांबतं: ‘मुळे’. अमुक पदार्थ खाल्ल्यामुळे तमुक आजार टळतो, असं वाक्य असतं आणि त्यापुढे कंसात तीन-चार शोधनिबंधांचे क्रमांक. ते निबंध उघडून बघावेत तर संशोधकांनी लिहिलेलं असतं एवढंच, की जे लोक तो पदार्थ जास्त खात होते त्यांच्यात तो आजार कमी आढळला. ‘आढळला’ या शब्दाचं विद्यार्थ्याच्या हातून ‘मुळे’ झालं. पुढे वर्तमानपत्रं तो आढावा वाचतात, डॉक्टर वाचतात, गोळ्या विकणारे वाचतात, आणि दोन अक्षरांच्या त्या बदलाची किंमत कुणीतरी तिसराच माणूस मोजतो.

ही किंमत किती मोठी असू शकते, हे समजून घ्यायला बीटा-कॅरोटीनची हकिगत मला सर्वांत उपयोगी वाटते. निरीक्षणातून काय दिसलं आणि प्रयोगातून काय सापडलं, हे दोन्ही तिच्यात स्वच्छ नोंदलेलं आहे आणि दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

गाजरापासून गोळीपर्यंत

बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजर, आंबा, भोपळा यांना पिवळा-केशरी रंग देणारं द्रव्य. पालकासारख्या हिरव्या पालेभाज्यांतही ते भरपूर असतं, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं. शरीरात त्यापासून अ जीवनसत्त्व तयार होतं. 1970 नंतरच्या दशकात निरनिराळ्या देशांतल्या संशोधकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली: ज्यांच्या जेवणात अशी फळं आणि भाज्या जास्त, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी.

यातला एक गाजलेला अभ्यास 1981 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या 1,954 मध्यमवयीन पुरुषांच्या आहाराची नोंद घेऊन पुढची 19 वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं होतं. या काळात 33 जणांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. आहारातल्या कॅरोटीनच्या प्रमाणानुसार या पुरुषांचे चार समान गट पाडले, तेव्हा सर्वांत कमी कॅरोटीन खाणाऱ्या गटातला धोका सर्वांत जास्त खाणाऱ्या गटाच्या सातपट निघाला. मधल्या दोन गटांतला धोका साडेपाचपट आणि तिप्पट होता. म्हणजे कॅरोटीन जसजसं वाढत गेलं, तसतसा धोका पायरीपायरीने उतरत गेला. तीस किंवा अधिक वर्षं सिगारेट ओढणाऱ्यांना वेगळं काढून मोजलं, तरी उतरण तशीच राहिली.

त्याच वर्षी रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये तोपर्यंतचा पुरावा मांडला. धूम्रपान आणि कर्करोग यांचं नातं जगापुढे आणणाऱ्यांत डॉल हे अग्रणी होते. त्यांच्या लेखाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं: आहारातल्या बीटा-कॅरोटीनने माणसांतल्या कर्करोगाचं प्रमाण खरोखर लक्षणीय कमी होऊ शकेल का? या प्रश्नचिन्हाकडे मी विद्यार्थ्यांचं लक्ष मुद्दाम वेधतो.

बीटा-कॅरोटीनच्या बाजूने एक पटणारं स्पष्टीकरणही तयार होतं. पेशींना इजा करणाऱ्या प्राणवायूच्या आक्रमक रूपांना ते निष्प्रभ करतं, सिगारेटच्या धुरात अशी रूपं भरपूर असतात, तेव्हा ते फुप्फुसाचं रक्षण करत असणार. म्हणजे संबंध होता, चढत्या मात्रेबरोबर उतरता धोका होता आणि कारणही सुचत होतं. आज एखाद्या विद्यार्थ्याने एवढं सगळं गोळा करून ‘मुळे’ लिहिलं, तर त्याला चूक कशी म्हणायची?

फिनलंडमधले 29,133 पुरुष

या प्रश्नाचं उत्तर प्रयोगानेच मिळणार होतं. 1985 साली नैर्ऋत्य फिनलंडमध्ये अशी चाचणी सुरू झाली. 50 ते 69 वर्षं वयाचे, धूम्रपान करणारे 29,133 पुरुष त्यात सहभागी झाले. कुणाला बीटा-कॅरोटीनची 20 मिलिग्रॅमची गोळी मिळणार, कुणाला ई जीवनसत्त्वाची, कुणाला दोन्ही आणि कुणाला औषध नसलेली नुसती गोळी, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निव्वळ योगायोगाने ठरवलं गेलं. कोण काय घेतंय हे ना त्या पुरुषांना ठाऊक होतं, ना त्यांना तपासणाऱ्यांना.

सुमारे सहा वर्षांनी आकडे उघडले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या सुमारे साडेचौदा हजार पुरुषांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे 474 रुग्ण होते. ते न घेणाऱ्या जवळजवळ तेवढ्याच पुरुषांमध्ये 402. गोळी घेणाऱ्यांत कर्करोग 18 टक्के जास्त झाला होता आणि मृत्यूही 8 टक्के जास्त होते. हजार माणसांच्या हिशेबात मांडायचं तर एका बाजूला सुमारे 28 रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला 33. हे निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा अमेरिकेत आणखी एक मोठी चाचणी चालू होती. तिच्यात धूम्रपान करणारे, पूर्वी करत असलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात काम केलेले असे मिळून 18,314 स्त्री-पुरुष होते. निम्म्यांना रोज 30 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि सोबत अ जीवनसत्त्व दिलं जात होतं. तिथेही गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 28 टक्के आणि एकूण मृत्यू 17 टक्के जास्त दिसले. जानेवारी 1996 मध्ये, ठरल्या मुदतीच्या 21 महिने आधी, गोळ्या थांबवण्यात आल्या. त्याच वर्षी 22,071 अमेरिकी डॉक्टरांवर सुमारे बारा वर्षं चाललेल्या तिसऱ्या चाचणीचा निकाल आला. या डॉक्टरांत धूम्रपान करणारे थोडे होते. तिथे बीटा-कॅरोटीनने फायदाही केला नाही आणि तोटाही.

आता या हकिगतीतला सर्वांत मोलाचा तपशील. फिनलंडच्या चाचणीत गोळ्या सुरू करण्याआधी प्रत्येकाच्या रक्तातलं बीटा-कॅरोटीन मोजून ठेवलं होतं. पुढे त्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांच्या रक्तात ते मुळातच जास्त होतं त्यांच्यात कर्करोग कमीच आढळला. म्हणजे तेच पुरुष, तोच देश, तोच काळ, तोच आजार. नुसतं निरीक्षण केलं तर बीटा-कॅरोटीन रक्षक दिसतं, आणि तेच हाताने वाढवलं की कर्करोग वाढतो. जुन्या अभ्यासांत आकडेमोड चुकली होती, असं म्हणून इथे सुटता येत नाही. निरीक्षण खरंच होतं. त्याचा लावलेला अर्थ खोटा ठरला.

कावळा, फांदी आणि वारा

दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही, हे सांगायला आपल्याकडे म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण ही म्हण आपल्या प्रश्नाला अर्धीच लागू पडते. ती निव्वळ योगायोगाबद्दल आहे, आणि योगायोगाला ओळखण्यासाठी संख्याशास्त्राकडे चांगली साधनं आहेत. हजारो कावळे आणि हजारो फांद्या मोजल्या की योगायोग गळून पडतो.

आहाराच्या अभ्यासात खरी अडचण वेगळी असते. समजा, वादळ सुटलं म्हणून कावळे ठरावीक झाडांवर आसऱ्याला येतात आणि त्याच वादळाने त्या झाडांच्या फांद्या तुटतात. आता कितीही कावळे मोजले, तरी कावळा बसलेल्या झाडांच्या फांद्या जास्त तुटलेल्या दिसणारच. इथे योगायोग नाही. दोन्ही घडवणारं तिसरंच काही आहे आणि ते आपल्या मोजणीत नाही. शास्त्रात याला गोंधळकारी घटक म्हणतात. माणसांची संख्या वाढवून तो जात नाही.

हे एका काल्पनिक उदाहरणाने करून पाहू. भाज्या भरपूर खाणारी हजार माणसं घ्या आणि भाज्या कमी खाणारी हजार. पहिल्या हजारात धूम्रपान करणारे 200 आहेत, दुसऱ्या हजारात 600. असं आपण धरतोय, कारण तब्येत जपणारा माणूस सहसा दोन्ही बाजूंनी जपतो. आता असं माना, की भाज्यांचा कर्करोगाशी काडीमात्र संबंध नाही. धूम्रपान करणाऱ्यांत दर शंभरी 5 जणांना कर्करोग होतो, न करणाऱ्यांत दर हजारी 5 जणांना.

पहिल्या गटाचा हिशेब असा: 200 धूम्रपानी माणसांत 10 रुग्ण आणि उरलेल्या 800 जणांत 4, एकूण 14. दुसऱ्या गटात 600 धूम्रपानींत 30 आणि 400 जणांत 2, एकूण 32. म्हणजे ‘भाज्या कमी खाणाऱ्यांत कर्करोग दुपटीहून अधिक’ असा निष्कर्ष निघाला. भाज्यांनी काहीही केलेलं नसताना निघाला, आणि आकड्यांत चूक एकही नाही.

यावर उपाय म्हणजे धूम्रपान करणारे आणि न करणारे वेगळे काढून मग तुलना करणं. तसं केलं की दोन्ही गटांतल्या धूम्रपानींत शंभरी 5 आणि इतरांत हजारी 5, फरक शून्य. शोधनिबंधात ‘धूम्रपानासाठी समायोजन केले’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ साधारण हाच.

पण आढावा लिहिणारा नेमका याच वाक्यावर फसतो. समायोजन केलंय म्हटल्यावर तो निर्धास्त होतो. प्रश्न असा, की धूम्रपान मोजलं कसं? नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ विचारलं असेल, तर दिवसाला चार सिगारेट ओढणारा आणि चाळीस ओढणारा एकाच रकान्यात बसतो. चार ओढणारा भाज्या थोड्या जास्त खात असेल, तर ‘हो’च्या रकान्याच्या आतही भाज्याच रक्षक दिसत राहतील. किती वर्षं ओढली, धूर किती खोल घेतला, कधी सोडली, हे सगळं पुरतं मोजणं कठीण. जेवढं मोजायचं राहिलं तेवढा गोंधळ शिल्लक राहतो. बीटा-कॅरोटीनच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत होती: धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात हे द्रव्य मुळातच कमी आढळतं. त्यामुळे रक्तातला कमी आकडा म्हणजे काही प्रमाणात सिगारेटचीच सावली असू शकते.

दुसरा गोंधळ द्रव्य आणि पदार्थ यांतला. शिकागोच्या पुरुषांनी कॅरोटीनच्या गोळ्या खाल्ल्या नव्हत्या, त्यांनी फळं आणि भाज्या खाल्ल्या होत्या. त्या पदार्थांतून कॅरोटीनचा आकडा संशोधकांनी काढला. गाजरात आणि पालकात तंतू असतात, इतर अनेक द्रव्यं असतात, आणि जो ते खातो त्याच्या ताटात दुसरं काहीतरी कमी पडलेलं असतं. बीटा-कॅरोटीन या सगळ्याची नुसती खूण असू शकते. गावात ज्या घरावर मोठी डिश अँटेना आहे त्या घरातली मुलं जास्त शिकलेली दिसली, तर अँटेना वाटून शिक्षण वाढत नाही.

एवढा पुरावा असूनही चूक का झाली?

सातपट फरकाकडे पुन्हा एकदा बघू. एकूण रुग्ण 33 होते. चार गट समान असल्यामुळे त्या 7, साडेपाच, 3 आणि 1 या पटींचा अर्थ 14, 11, 6 आणि 2 रुग्ण असा होतो. सातपट हा आकडा शेवटच्या गटातल्या दोन माणसांवर उभा होता. तिथे दोनाऐवजी चार रुग्ण असते, तर सातपटीचं साडेतीनपट झालं असतं. म्हणून आढाव्यात प्रमाण किंवा पट लिहिताना सोबत रुग्णांची संख्या लिहावीच, असा माझा आग्रह असतो.

मग असे दहा अभ्यास एकत्र केले तर? विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. दहा अभ्यासांची बेरीज केली की योगायोगाचा वाटा कमी होतो, अंदाज नेमका होतो. पण दहाही अभ्यासांत धूम्रपान तितकंच ढोबळ मोजलं असेल आणि दहाही देशांत तब्येत जपणारेच भाज्या जास्त खात असतील, तर सगळे अभ्यास एकाच बाजूला झुकलेले असतात. एकाच बिघडलेल्या तराजूवर दहादा वजन केलं, तर दहा सारखी उत्तरं येतात आणि सगळी चुकीची. ‘अनेक अभ्यासांनी सिद्ध केले’ हे वाक्य म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. अभ्यास किती आहेत यापेक्षा ते एकमेकांपेक्षा किती वेगळ्या पद्धतीचे आहेत, हे आढाव्यात यायला हवं.

राहिलं ते पटणारं स्पष्टीकरण. धुरापासून रक्षण करणाऱ्या द्रव्याची गोष्ट पटण्याजोगीच होती. चाचण्यांचे निकाल आल्यावर संशोधकांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर प्रयोग केले. त्यात असं दिसलं, की सिगारेटचा धूर आणि बीटा-कॅरोटीनची मोठी मात्रा एकत्र आल्यावर फुप्फुसात त्या द्रव्याचे असे तुकडे तयार होतात, जे पेशींची वाढ आवरणाऱ्या यंत्रणेत बिघाड करू शकतात. हेही स्पष्टीकरण तितकंच पटतं. फायदा दिसला तेव्हा फायद्याचं कारण सापडलं आणि तोटा दिसला तेव्हा तोट्याचं. जीवशास्त्र इतकं समृद्ध आहे, की कुठल्याही दिशेचं कारण त्यात शोधून काढता येतं. म्हणून पटणारी यंत्रणा हा आधार म्हणून नोंदवावा, पुरावा म्हणून नाही.

तरीही निरीक्षण टाकून देऊ नका

ही हकिगत सांगितली की काही विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातात. निरीक्षणात्मक अभ्यासांना काहीच किंमत नाही, असं लिहू लागतात. तेही तितकंच चूक. सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आपण चिठ्ठ्या टाकून अर्ध्या माणसांना सिगारेट ओढायला लावून शोधलेलं नाही. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि रिचर्ड डॉल यांचा 1950 सालचा अभ्यास निरीक्षणात्मकच होता. तिथे ‘मुळे’ लिहिणं योग्य का ठरलं?

1959 साली जेरोम कॉर्नफील्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत याचं एक सरळ उत्तर दिलं. समजा, धूम्रपान करणाऱ्यांत धोका नऊपट आहे आणि कुणी म्हणतंय की कारण धूम्रपान नसून दुसराच एखादा घटक आहे. तर तो घटक धूम्रपान करणाऱ्यांत इतरांपेक्षा किमान नऊपट जास्त आढळायला हवा. असा घटक कुठे आहे, दाखवा. तो कुणालाही दाखवता आला नाही. शिवाय सिगारेट सोडल्यावर धोका कमी होत जातो हे दिसलं, आणि निरनिराळ्या पद्धतींच्या अभ्यासांतून उत्तर एकच येत राहिलं.

आहाराच्या अभ्यासांत फरक सहसा इतका मोठा नसतो. 20 टक्के, 30 टक्के, असे आकडे असतात. एवढा फरक घडवायला गोंधळकारी घटक नऊपट असण्याची गरज नाही, थोडासा पुरतो. भाज्या खाणारे थोडे जास्त शिकलेले, थोडे जास्त चालणारे, थोडे लवकर डॉक्टरकडे जाणारे असले तरी भागतं. म्हणून आढावा लिहिताना मी एक प्रश्न विचारायला सांगतो: हा फरक घडवायला अज्ञात घटक केवढा असावा लागेल, आणि तेवढा असणं शक्य आहे का? शक्य असेल, तर ‘मुळे’ लिहू नका.

आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती काळाची. आहार आजाराआधी मोजला की आजार झाल्यावर विचारला? कर्करोग झालेल्या माणसाला ‘दहा वर्षांपूर्वी काय खात होता’ असं विचारलं, तर त्याची आठवण आजाराने रंगलेली असते. आणि निदान व्हायच्या आधीच्या महिन्यांत भूक मंदावल्याने भाज्या कमी झाल्या असतील, तर आपण आजाराचा परिणाम आजाराचं कारण म्हणून मांडून बसतो.

प्रयोगालाही मर्यादा असतात, हे आढाव्यात तितक्याच प्रामाणिकपणे यायला हवं. फिनलंडच्या चाचणीने सिद्ध केलं ते एवढंच: दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना, जेवणातून मिळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट बीटा-कॅरोटीन काही वर्षं गोळीतून दिलं तर कर्करोग वाढतो. गाजर खाऊ नये, असं तिने म्हटलेलं नाही. तरुणपणापासून भाज्या खाल्ल्याने काय होतं, याचं उत्तर तिच्याकडे नाही. गोळीचा निकाल ताटावर लादणं हीही ‘मुळे’चीच चूक, फक्त उलट्या दिशेने केलेली. गोळ्या थांबवल्यावर त्या पुरुषांतला वाढीव धोका पुढच्या काही वर्षांत ओसरला, हीही नोंद महत्त्वाची आहे. कारण काढून घेतलं आणि परिणाम ओसरला, तेव्हा गोळीने धोका वाढवला होता या निष्कर्षाला आणखी बळ मिळालं.

एक परिच्छेद, दोनदा लिहिलेला

हे सगळं शेवटी वाक्यात उतरायला हवं. एखाद्या मसुद्यात असतं तसं हे वाक्य बघा:

‘बीटा-कॅरोटीनयुक्त आहारामुळे फुप्फुसाच्या कर्करोगापासून संरक्षण मिळते, असे अनेक अभ्यासांनी सिद्ध केले आहे, मात्र काही चाचण्यांत विपरीत परिणाम आढळले.’

यात ‘मुळे’ तर आहेच, पण ‘संरक्षण’ आणि ‘सिद्ध’ या शब्दांतही कार्यकारणभाव दडलेला आहे. ‘परिणाम’, ‘फायदा’, ‘प्रतिबंध’ हे असेच शब्द. आपल्या क्रियापदांकडेही बघा: कर्करोग ‘कमी आढळला’ हे निरीक्षण आहे, ‘कमी होतो’ इथे वाक्य घसरायला लागतं आणि ‘कमी करतो’ म्हटलं की भाजीला कर्तेपण देऊन झालं. आणि त्या ‘मात्र’ने दोन वेगळ्या वजनांचे पुरावे एका तराजूत समसमान टाकले. वाचणाऱ्याला वाटतं, शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. प्रत्यक्षात मतभेद नव्हताच, दोन वेगळे प्रश्न होते.

हाच परिच्छेद असा लिहिता येतो:

‘निरीक्षणात्मक अभ्यासांत, बीटा-कॅरोटीन जास्त असलेली फळे व भाज्या अधिक खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. या अभ्यासांत धूम्रपानाचे मोजमाप अपुरे असल्याने आणि पदार्थांतील एका द्रव्याचा वाटा वेगळा काढता न आल्याने, हा संबंध बीटा-कॅरोटीनचा आहे असे म्हणता येत नाही. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील यादृच्छिक चाचणीत 20 मिलिग्रॅमच्या गोळीने कर्करोगाचे प्रमाण 18 टक्क्यांनी वाढवले. दुसऱ्या चाचणीत, अ जीवनसत्त्वाच्या जोडीने, वाढ 28 टक्के होती. या चाचण्या गोळीविषयी आहेत, भाज्यांविषयी नाहीत.’

दुसरा परिच्छेद लांब झाला, पण त्यातलं प्रत्येक क्रियापद आपल्या पुराव्याएवढंच बोलतं. निरीक्षण आहे तिथे ‘आढळला’, प्रयोग आहे तिथे ‘वाढवले’. कोणावर, किती मात्रेने आणि कशाच्या तुलनेत, हेही सांगितलंय. असा परिच्छेद लिहिण्यासाठी मी विद्यार्थ्यांना प्रत्येक निबंधाची एक ओळ आधी वहीत लिहायला लावतो: अभ्यास कोणत्या प्रकारचा, मोजलं काय आणि कधी, रुग्ण किती, समायोजन कशाचं आणि कसं, आणि त्याच प्रश्नावर प्रयोग झाला आहे का. ही ओळ पूर्ण झाल्याखेरीज आढाव्यातलं वाक्य लिहायला घ्यायचं नाही.

वाचकालाही हीच कसोटी घरबसल्या लावता येते. ‘अमुक खाणाऱ्यांना हृदयविकार कमी’ अशी बातमी आली की एवढंच विचारा: कुणी कुणाला ते खायला दिलं होतं, की जे आधीपासून खात होते त्यांना नुसतं पाहिलं? नुसतं पाहिलं असेल, तर ते खाणारे बाकी कोणत्या बाबतीत वेगळे होते? या दोन प्रश्नांची उत्तरं बातमीत नसतील, तर तिच्या भरवशावर डबीभर गोळ्या विकत घेऊ नका.

फिनलंडच्या त्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात कर्करोगाचे 72 रुग्ण जास्त निघाले. ती गोळी हितकारक ठरावी या आशेनेच त्यांना दिली गेली होती, आणि चाचणी झाली नसती तर याच आशेने ती जगभरातल्या धूम्रपान करणाऱ्यांना दिली गेली असती. आज अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञगटाची शिफारस स्पष्ट आहे: कर्करोग टाळण्यासाठी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नयेत.